अनोळखी शब्द पेपरात आला तर: आधी शेवटचं अक्षर, मग उपसर्ग

प्रश्न: तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करतोय, पुढे संयुक्त परीक्षाही द्यायची आहे. समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या पाठ केल्या, तरी पेपरात नेमका न वाचलेला शब्द येतो. उपसर्ग आणि धातू बघून अर्थ काढता येतो असं सगळे सांगतात. ते प्रत्यक्ष कसं करायचं आणि त्यावर किती विसंबून राहायचं?

उत्तर:

बहुतेक मुलं शब्द हातात आला की सुरुवातीपासून फोडायला लागतात. ‘अ’ दिसला की नकार, ‘सु’ दिसला की चांगलं, ‘वि’ दिसला की उलट. चुका तिथेच होतात. समानार्थी शब्दाच्या प्रश्नात माझा क्रम उलटा असतो: आधी शब्दाचं शेपूट बघायचं, मग मधला भाग आणि उपसर्ग सगळ्यात शेवटी. असं का, ते एका प्रश्नावर दाखवतो.

‘तोयद’ या शब्दाचा समानार्थी शब्द कोणता? पर्याय: कमळ, ढग, समुद्र, तळं. ‘तोय’ म्हणजे काय हे माहीत नाही असं धरू. चारही पर्यायांवर नजर टाका. चौघांत समान काय आहे? पाणी. म्हणजे ‘तोय’चा अर्थ बहुधा पाणीच असणार, आणि हे प्रश्न काढणाऱ्यानेच तुम्हाला सांगून टाकलं आहे. आता उत्तर ठरवायचं काम एकट्या ‘द’कडे उरलं. सुखद म्हणजे सुख देणारं, दुःखद म्हणजे दुःख देणारं, तसं तोयद म्हणजे पाणी देणारा. कमळ पाणी देत नाही, समुद्र पाणी साठवतो. तळं पाणी देतं असं ओढूनताणून म्हणता येईल, पण संस्कृतात पाणी आणि ‘द’ एकत्र आले की अर्थ ढगच होतो. उत्तर ढग. मूळ शब्द माहीत नसतानाही ते निघालं.

पाण्याचं हे कुटुंब परीक्षेत इतक्या वेळा येतं की ते एकदा नीट बसवून घ्या. पाण्याला जल, नीर, वारि, अंबु, तोय, पय असे शब्द आहेत. त्यापुढे ‘ज’ म्हणजे जन्मलेलं आलं की कमळ: जलज, नीरज, वारिज, अंबुज. चिखलात जन्मलं म्हणून पंकज, सरोवरात जन्मलं म्हणून सरोज. ‘द’ आला की ढग: जलद, नीरद, वारिद, अंबुद, पयोद. ‘धी’ आला की समुद्र: जलधी, वारिधी, अंबुधी, पयोधी, उदधी. हा ‘धी’ ठेवणे या अर्थाच्या धातूतून येतो, निधी शब्दातला तोच. ‘धर’ म्हणजे धारण करणारा, म्हणून जलधर पुन्हा ढग. वीस-पंचवीस शब्द सुटे पाठ करण्यापेक्षा पाण्याचे पाच-सहा शब्द आणि ही चार शेपटं लक्षात ठेवली की काम भागतं. नीरज आणि नीरद यांत फरक एका अक्षराचा आहे, आणि पर्यायांत कमळ व ढग शेजारी शेजारी ठेवलेले असतात. घाईत वाचणाऱ्याचा गुण तिथे जातो.

पृथ्वीचंही असंच कुटुंब आहे. मही, भू, धरा, धरणी, अवनी, क्षिती हे पृथ्वीचे शब्द. पृथ्वीला धरून ठेवणारा तो पर्वत: महीधर, भूधर. पृथ्वीचं पालन करणारा तो राजा: महीप, भूप, महीपती. पृथ्वीवर उगवणारं ते झाड: महीरुह, भूरुह. महीधर हा राजा की पर्वत, असा गोंधळ झाला तर शेपूट पुन्हा बघा. ‘प’ सांभाळतो, ‘धर’ धरून ठेवतो.

या ‘प’ला मात्र दोन अर्थ आहेत. एक सांभाळणारा (नृप, भूप, गोप) आणि दुसरा पिणारा. मध पिणारा तो मधुप, म्हणजे भुंगा. पायाने, म्हणजे मुळांनी पिणारा तो पादप, म्हणजे झाड. सोंड आणि तोंड अशा दोहोंनी पिणारा तो द्विप, म्हणजे हत्ती. ‘द्वीप’ दीर्घ झाला की ते बेट. परीक्षकाला ही जोडी फार आवडते. पडद्यावर शब्द बारीक दिसत असला तर ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा एकदा तपासूनच उत्तरावर टिक करा.

पुढचं शेपूट ‘ग’, म्हणजे जाणारा. ख म्हणजे आकाश, त्यातून जाणारा खग म्हणजे पक्षी. उर म्हणजे छाती, छातीवर सरपटत जाणारा उरग म्हणजे साप. इथे ‘उर’ ओळखीचा वाटतो म्हणून बरीच मुलं ‘हृदय’ हा पर्याय निवडतात. शेपटाकडे लक्ष गेलं असतं तर ती चूक झाली नसती. वेगाने जाणारा तुरग म्हणजे घोडा. जो जात नाही तो नग, म्हणजे पर्वत. हिमालयाला नगाधिराज म्हणतात तो यामुळेच. आणि जिथे जाणं अवघड तो दुर्ग. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग या नावांतला दुर्ग हाच: दुर् अधिक ग. दुर्गम शब्दात तीच कल्पना आणखी उघडपणे दिसते.

पण शेवटी ‘ग’ आला की जाणाराच, असं मात्र नाही. ‘मृग’ असा फुटत नाही, तो शोधणे या अर्थाच्या वेगळ्याच धातूचा शब्द आहे. ‘सुधी’ म्हणजे विद्वान. तिथला धी हा बुद्धी या अर्थाचा, समुद्रातला धी नव्हे. ‘जलद’ हा तर मराठीत दोन घरांचा शब्द आहे. संस्कृत जलद म्हणजे ढग, आणि फारसीतून आलेला जलद म्हणजे वेगाने. पर्यायांत ढग असेल तर तो, वेगवान असेल तर तो. दोन्ही असतील तर प्रश्नात दिलेलं वाक्य बघा, आणि वाक्यच नसेल तर आजूबाजूचे पर्याय नामं आहेत की विशेषणं ते बघा.

आता उपसर्गांकडे येऊ. विरुद्धार्थी शब्दांत त्यांचं काम मोठं आहे, म्हणून तिथे क्रम बदलतो. पण उपसर्ग बरोबर ठिकाणी तोडणं हीच खरी कला आहे. ‘अनुचित’ आणि ‘अनुचर’ एकाखाली एक लिहून बघा. दोन्ही ‘अनुच’ने सुरू होतात आणि तरी दोन वेगळ्या जागी तुटतात. अनुचर म्हणजे अनु अधिक चर, मागोमाग चालणारा, सेवक. अनुचित म्हणजे अन् अधिक उचित, जे उचित नाही ते. हे ओळखायचं कसं? नकाराचा ‘अ’ व्यंजनापुढे ‘अ’च राहतो, पण स्वरापुढे त्याचा ‘अन्’ होतो. म्हणून ‘अनु’ने सुरू होणारा शब्द दिसला की ‘अन्’ बाजूला काढा आणि उरलेल्या भागाला ‘उ’ परत लावून वाचा. उचित, उदार, उत्तीर्ण, उपम, उत्साह असा अर्थाचा शब्द तयार झाला तर तो नकार आहे: अनुचित, अनुदार, अनुत्तीर्ण, अनुपम, अनुत्साह. ‘उचर’ असा शब्द होत नाही, म्हणून अनुचर मध्ये ‘अनु’ हाच उपसर्ग. अनुदारचा विरुद्धार्थी शब्द विचारला आणि ‘दार’कडे बघत बसलात, तर ‘उदार’ समोर असूनही दिसणार नाही.

‘अप’चीही अशीच फसवाफसवी चालते. अपमान, अपयश, अपकीर्ती यांत ‘अप’ उपसर्ग आहे. अपूर्व, अपार, अपरिमित यांत तो नाही, तिथे नुसता ‘अ’ आहे. अपरिमित थर काढत सोडवा. मित म्हणजे मोजलेलं, परिमित म्हणजे मर्यादित, अपरिमित म्हणजे अमर्याद. विरुद्धार्थी विचारला तर एकच थर काढायचा आणि थांबायचं: परिमित. अनभिज्ञचंही तसंच. सगळ्यात आत ज्ञ म्हणजे जाणणारा, त्यावर ‘अभि’, त्यावर ‘अन्’. विरुद्धार्थी अभिज्ञ. आतला ‘ज्ञ’ ज्याने ओळखला त्याला कृतज्ञ आणि कृतघ्न यांतला फरक वेगळा पाठ करावा लागत नाही: केलेलं जाणणारा तो कृतज्ञ, ‘घ्न’ म्हणजे नाश करणारा, केलेल्यावर पाणी सोडणारा तो कृतघ्न.

संधीमुळे चेहरा बदललेले उपसर्गही ओळखता आले पाहिजेत. निर् नंतर पुन्हा र आला की पहिला र् गळतो आणि ‘नि’ दीर्घ होतो. म्हणून निर् अधिक रस म्हणजे नीरस, निर् अधिक रव म्हणजे नीरव. रव म्हणजे आवाज, म्हणून नीरव म्हणजे निःशब्द. नीरज मधला ‘नीर’ पाण्याचा आणि नीरव मधला ‘नी’ नकाराचा. दोन्ही शब्द एकाच पेपरात आले तरी गोंधळायचं कारण नाही, शेपूट ‘ज’ आहे की ‘रव’ एवढंच बघायचं. तसंच ‘वि’पुढे इ-ई सोडून दुसरा स्वर आला की ‘वि’चा ‘व्य्’ होतो. व्यय म्हणजे वि अधिक अय. अय म्हणजे जाणं. आय म्हणजे येणं, व्यय म्हणजे दूर जाणं, म्हणून आय आणि व्यय हे विरुद्धार्थी. ज्याच्यातून काहीच जात नाही, बदलत नाही तो अव्यय. वर जाणं तो उदय. व्याकरणात पाठ केलेलं अव्यय आणि जमाखर्चातला व्यय एकाच घरातले आहेत, हे कळलं की दोन्ही पक्के होतात.

आता ‘उपसर्गांवर किती विसंबायचं’ याकडे येतो. उपसर्ग धातूचा अर्थ कुठल्या कुठे ओढून नेतो, असं संस्कृत व्याकरणकारांनीच सांगून ठेवलं आहे. त्यासाठी एका जुन्या श्लोकात हृ म्हणजे नेणे या धातूची पाच उदाहरणं दिली आहेत: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. घाव, जेवण, विनाश, फिरणं आणि शंकेचं निरसन. पाचही शब्दांत ‘हार’ तोच, पण एकाचा अर्थ दुसऱ्यावरून काढता येत नाही. अशा जोडीत उपसर्ग फार तर दिशा दाखवतो, अर्थ वापरातूनच माहीत असावा लागतो. याच घरातली मराठीतली परीक्षेची लाडकी जोडी म्हणजे उपहार आणि उपाहार. उप अधिक हार म्हणजे भेटवस्तू, उप अधिक आहार म्हणजे फराळ, अल्पोपाहार. म्हणून खाण्याच्या जागेचं नाव उपाहारगृह. पाट्यांवर ‘उपहारगृह’ इतक्यांदा वाचलेलं असतं की शुद्ध शब्द विचारला तर चुकीचाच ओळखीचा वाटतो.

उपसर्गांच्या ठरलेल्या विरुद्ध जोड्या असतात असं समजून चालू नका. काही जोड्या खरोखर विश्वासू आहेत. सु आणि दुर्: सुलभ-दुर्लभ, सुबोध-दुर्बोध, सुकर-दुष्कर. अनुकूल-प्रतिकूल. स आणि निर्: सजीव-निर्जीव, सगुण-निर्गुण. पण ‘आ’ घ्या. आरोहाच्या विरुद्ध अवरोह, आयातीच्या विरुद्ध निर्यात, आदानाच्या विरुद्ध प्रदान, आसक्ताच्या विरुद्ध विरक्त. समोरचा उपसर्ग दर वेळी वेगळा. शिवाय ‘आ’ काही धातूंची दिशाच फिरवतो. गमन म्हणजे जाणं, आगमन म्हणजे येणं. दान म्हणजे देणं, आदान म्हणजे घेणं. म्हणून ‘आदान’ बघून ‘दानासारखंच काहीतरी’ असा अंदाज बांधला तर उत्तर बरोबर उलटं येतं. ‘वि’ही असाच दुतोंडी. वियोग, विफल, विजातीय यांत तो वेगळेपणा किंवा अभाव सांगतो. विख्यात, विशुद्ध यांत तो जोर वाढवतो. विख्यात हा ख्यातच्या विरुद्ध नव्हे. ‘अमूल्य’चंही बघा: ‘अ’ तिथे किंमत नाकारत नाही, किंमत ठरवता येणं नाकारतो. अमूल्य म्हणजे अनमोल.

आणि कधी कधी मराठीतला वापर व्युत्पत्तीला जुमानत नाही. निर्धन म्हणजे धन नसलेला, तसा निर्बंध म्हणजे बंध नसलेला असायला हवा होता. पण मराठीत निर्बंध म्हणजेच बंधन, आणि बंधन नसलेल्याला आपण अनिर्बंध म्हणतो. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, त्यावर ‘अ’ लागला की अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. तरीही बोलताना ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणजे माझ्या पाठीमागे असंच सगळे म्हणतात. असे शब्द फोडून सोडवायचे नाहीत. त्यांची एक वेगळी वही करा. ती फार जाड होणार नाही.

ही सगळी पद्धत तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांपुरती आहे. अवखळ, अवघड हे शब्द अवनतीसारखे फोडायला गेलात तर हाती काही लागणार नाही. फारसी-अरबी वळणाच्या शब्दांना त्यांचे स्वतःचे उपसर्ग आहेत: बे, गैर, ना, बद, ला. त्यांची यादी छोटी आणि बरीच सरळ आहे. बेसुमार म्हणजे मोजता न येणारं, बेमालूम म्हणजे कळू न देता, गैरहजर, नापसंत, बदनाम. इथे प्रश्न बहुधा दोन घरांमधला असतो: बेसुमारला असंख्य, गैरहजरला अनुपस्थित. शब्दाचा पोशाख पर्यायाशी जुळत नाही म्हणून तो पर्याय सोडू नका.

आता एक विरुद्धार्थी प्रश्न पूर्ण सोडवू. ‘दुर्भिक्ष’चा विरुद्धार्थी शब्द? पर्याय: दुष्काळ, भिक्षुक, सुभिक्ष, टंचाई. आत भिक्षा आहे. दुर् म्हणजे अवघड. जिथे भिक्षा मिळणंही अवघड ती स्थिती, म्हणजे दुष्काळ. हा पहिलाच पर्याय आहे, आणि तो समानार्थी आहे. विरुद्धार्थी विचारलं असताना समानार्थी शब्द पहिल्या क्रमांकावर ठेवणं हा जुना डाव आहे. अर्थ सापडल्याच्या आनंदात हात तिथेच जातो. म्हणून अर्थ काढून झाल्यावर प्रश्नातला ‘विरुद्धार्थी’ शब्द पुन्हा वाचायचा. टंचाई त्याच बाजूला झुकते, तीही बाद. भिक्षुक माणूस आहे, स्थिती नव्हे, आणि नामाच्या प्रकारातला हा फरक बघून बरेचदा एक पर्याय हातोहात उडतो. उरलं सुभिक्ष, म्हणजे सुकाळ. जोडीही ठरलेली, सु विरुद्ध दुर्.

पण तीच धातू आणि नुसता उपसर्ग वेगळा, एवढ्यावरून पर्याय निवडू नका. ‘अपेक्षित’चा विरुद्धार्थी विचारला की पर्यायांत उपेक्षित हमखास असतो. दिसायला जुळा, पण उपेक्षित म्हणजे दुर्लक्षित. बरोबर उत्तर अनपेक्षित. निवडलेला पर्याय आणि मूळ शब्द एकाच वाक्यात घालून बघा: ‘निकाल अपेक्षित नव्हता, अनपेक्षित होता’ हे वाक्य उभं राहतं. ‘अपेक्षित नव्हता, उपेक्षित होता’ हे पडतं. पंधरा सेकंदांची ही तपासणी आहे आणि ती चुकवू नका.

अंदाजाने उत्तरावर टिक करायचं की प्रश्न सोडायचा, हे त्या परीक्षेच्या नियमावर ठरतं, म्हणून आधी जाहिरातीतलं आणि पेपरावरच्या सूचनांमधलं नकारात्मक गुणांचं कलम वाचा. वजा गुण नसतील तर एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आयोगाच्या वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापतात असं धरून हिशेब करू. दोन पर्याय ठामपणे बाद झाले असतील आणि 2 गुणांचा प्रश्न असेल, तर असे दोन प्रश्न सोडवून सरासरी एक बरोबर येतो: 2 मिळतात, अर्धा जातो, दीड गुण हातात राहतो. म्हणून शेपूट किंवा उपसर्ग पाहून दोन पर्याय उडाले की टिक करायचं. एकही उडाला नाही आणि शब्द तत्समही नाही, तर तिथे वेळ घालवू नका, पुढच्या प्रश्नाकडे जा. शब्दावर मिनिटभर अडून राहिलात तर नुकसान त्या एका गुणापेक्षा मोठं होतं, कारण गणित आणि बुद्धिमापनाचे प्रश्न मागे उरलेले असतात.

तयारीसाठी तुमच्याकडच्या याद्या टाकून देऊ नका, फक्त त्यांची मांडणी बदला. वर्णानुक्रमे लावलेली यादी या कामाला निरुपयोगी आहे. तीच यादी घेऊन शब्द शेपटाप्रमाणे गटात लावा: ज, द, धी, धर, प, ग, ज्ञ, घ्न, चर, रुह. मग ‘हार’, ‘गम’, ‘अय’, ‘ईक्षा’ अशा एकेका धातूच्या घराखाली उपसर्गांसह शब्द मांडा. ईक्षा म्हणजे पाहणं हे कळलं की अपेक्षा, उपेक्षा, परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा एका पानावर येतात आणि त्यांच्यातला फरक तिथेच दिसतो. जो शब्द कुठल्याच गटात बसत नाही किंवा बसूनही वेगळाच अर्थ देतो, तो त्या वेगळ्या वहीत. मागच्या वर्षांचे पेपर सोडवताना चुकलेला प्रत्येक शब्द या तीनपैकी कुठे जातो ते लिहायचं. आणि चूक फोड चुकल्यामुळे झाली, प्रश्नच उलटा वाचल्यामुळे झाली की शब्द फुटणाराच नव्हता म्हणून झाली, हेही शेजारी नोंदवायचं.